काकाओटॉकचं 확인 दाबण्याआधी वाक्याचा शेवट वाचा

प्रश्न: मॅडम, मी कोरियात उल्सानला एका सप्लायर कंपनीत दोन वर्षं होतो, आता चाकणला परत आलोय. तिकडचे सगळे ग्रुप काकाओटॉक या कोरियन चॅट अ‍ॅपवर आहेत. ड्रॉइंगवरच्या चर्चा, कोणता पार्ट कधी पाठवला, सगळं त्यातच. जुन्या फोनमध्ये कोरियन सिम आहे, ते महिनाअखेरीला बंद होणार. नवीन फोनवर, भारतीय नंबर टाकून लॉगिन करायला गेलो तर कोरियनमध्ये एकामागून एक खिडक्या आल्या. दोनदा 확인 हे बटण दाबलं. तिसरी लांबलचक होती, त्यात 기존 आणि 삭제 एवढे शब्द ओळखू आले म्हणून थांबलो. जुन्या फोनवर २ तारखेला बॅकअप घेतलाय, आज २० आहे. मध्येच इंडियातून लॉगिन झाल्याचा इशाराही आला. अक्षरं वाचता येतात, अर्थ जेमतेम लागतो. काय दाबू आणि काय नको?

उत्तर:

तिसऱ्या खिडकीशी थांबलात हे फार बरं केलंत. आता नवा फोन आहे तसा बाजूला ठेवा, काहीच दाबू नका. जुन्या फोनवर काकाओटॉकचे मेसेज अजून येतायत का ते बघा. उल्सानच्या एखाद्या मित्राला सांगा, एक 'हॅलो' पाठव म्हणून. तो जुन्या फोनवर आला, तर खातं अजून तिथंच आहे आणि तुमचं काहीही गेलेलं नाही. पण २ तारखेचा बॅकअप आता उपयोगाचा राहिला नाही. तो १४ दिवसच टिकतो, म्हणजे १६ तारखेला संपला. त्यामुळे आज जुन्या फोनवर नवा बॅकअप घ्यायचा आणि मगच त्या तिसऱ्या खिडकीकडे वळायचं.

मी कोरियन दुभाषी म्हणून सतरा वर्षं काम करते, आणि त्यातली बरीच वर्षं रांजणगाव, तळेगाव, चाकण याच पट्ट्यात गेली. कोरियन साहेब आणि आपली मंडळी यांच्यामधलं अर्धं कामकाज या पिवळ्या अ‍ॅपवर चालतं, त्यामुळे फोन बदलताना गप्पा गमावलेली माणसं मी बरीच पाहिली. त्यातल्या बहुतेकांनी बॅकअप घेतलेला होता. गडबड झाली ती इशारा वाचण्यात. म्हणून नुसतं 'हे दाबा, ते दाबा' सांगून थांबत नाही. अ‍ॅपची पुढची आवृत्ती आली की खिडक्यांचा क्रम बदलतो, मजकूरही थोडा बदलतो. वाक्य कसं वाचायचं ते एकदा कळलं की क्रम बदलला तरी अडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची सवय असलेल्या माणसाला आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. काकाओटॉकमध्ये खातं आणि गप्पा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खातं, म्हणजे तुमचं नाव, मित्रांची यादी, विकत घेतलेले इमोटिकॉन, कंपनीच्या सर्व्हरवर असतं. नव्या फोनवर लॉगिन केलं की ते आपसूक परत येतं. गप्पांचा मजकूर मात्र तुमच्या फोनमध्ये असतो. सर्व्हरवर मेसेज फार थोडा काळ राहतात. २०१४ मध्ये कोरियात सरकार खाजगी चॅटवर पाळत ठेवतंय यावरून मोठा गदारोळ झाला, लोक अ‍ॅप सोडून जायला लागले. तेव्हा कंपनीने मेसेज साठवण्याचा काळ दोन-तीन दिवसांवर आणला. लोकांच्या खाजगीपणासाठी घेतलेला हा निर्णय आहे, आणि मला तो पटतो. पण त्याची दुसरी बाजू अशी, की फोन गेला तर मागच्या वर्षीची चर्चा देण्यासारखी कंपनीकडे काही नसते. शिवाय खातं एका वेळी एकाच फोनवर चालतं. नव्यावर आलं की जुन्यावरून जातं. तुमच्या तिसऱ्या खिडकीचा सगळा मजकूर याच दोन गोष्टींबद्दल आहे.

आता वाचण्याकडे येऊ. कोरियन वाचताना मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे. आपल्यासारखंच तिथंही क्रियापद शेवटी येतं. 'जुन्या फोनवरच्या गप्पा पुसल्या जातील' आणि 'जुन्या फोनवरच्या गप्पा पुसल्या गेल्या' ही वाक्यं शेवटच्या शब्दापर्यंत सारखीच दिसतात. कोरियनचंही तसंच आहे. त्यामुळे खिडकी आली की सुरुवातीपासून वाचत बसू नका. शेवटच्या पूर्णविरामापाशी जा आणि त्याच्या मागची चार-पाच अक्षरं बघा.

삭제 म्हणजे पुसणं. 삭제됩니다 असं दिसलं, तर ते अजून घडलेलं नाही, तुम्ही पुढे गेलात तर घडेल. 삭제되었습니다 किंवा आखूड रूपात 삭제됐습니다 असेल, तर घडून गेलं. ते 었 किंवा 됐 म्हणजे आपला भूतकाळ, 'गेलं, झालं'. हा एका अक्षराचा फरक आहे आणि सगळा निर्णय त्यावर आहे. तिसरा शेवट 수 없습니다, म्हणजे 'शक्य नाही'. 복원 म्हणजे परत आणणं, तेव्हा 복원할 수 없습니다 म्हणजे परत आणता येणार नाही. आणि शेवटी प्रश्नचिन्ह असेल, 하시겠습니까? किंवा 할까요?, तर अ‍ॅप तुमची परवानगी मागतंय.

आता ते 확인 बटण. या शब्दाचा मूळ अर्थ 'खातरजमा'. झालेल्या गोष्टीच्या खाली, म्हणजे 었습니다 किंवा 됐습니다च्या खाली ते असेल, तर त्याचा अर्थ एवढाच, 'बरं, कळलं'. दाबलंत काय, न दाबलंत काय, फरक पडत नाही. पण तेच बटण प्रश्नाखाली किंवा 됩니다च्या खाली असेल, तर त्याचा अर्थ 'हो, करून टाका'. बटण तेच, जागा तीच, रंगही तोच. आपण दोन निरुपद्रवी खिडक्यांवर 확인 दाबलेलं असतं, हात सरावलेला असतो, आणि तिसरीला तोच अंगठा तिथंच जातो. शेजारचं 취소 म्हणजे रद्द. शंका आली की ते दाबायचं. त्याने तुम्ही फक्त एक पायरी मागे जाता.

तुमच्या तिसऱ्या खिडकीत 기존 आणि 삭제 होते. 기존 म्हणजे 'आधीपासूनचा', आणि त्याच्यापुढे 기기 असणार, म्हणजे यंत्र, इथं फोन. 기존 기기 म्हणजे जुना फोन. कोरियन वाक्यात 'तुमचा', 'तुम्ही' बहुधा गाळलेलं असतं, त्यामुळे कुठल्या फोनबद्दल बोलणं चाललंय ते या जोडशब्दावरूनच कळतं. 새 기기 किंवा 새로운 기기 म्हणजे नवा. वाक्याच्या मधे कुठेतरी 로그인하면 दिसेल. तो शेवटचा 면 म्हणजे आपला 'तर'. 'लॉगिन केलंत तर.' तेव्हा अशा खिडकीचा सांगाडा असा असतो: लॉगिन केलंत तर जुन्या फोनवरून लॉगआउट होईल, आणि तिथल्या गप्पा पुसल्या जातील. पुढच्या काळातली दोन क्रियापदं, 로그아웃됩니다 आणि 삭제됩니다. तुम्ही मागच्या खिडक्यांसारखं इथंही 확인 दाबलं असतंत, तर १४ दिवस उलटलेला बॅकअप आणि रिकामा झालेला जुना फोन, एवढंच हाती राहिलं असतं.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, फोनची भाषा इंग्रजी करा. जरूर करा, अ‍ॅपचे मेनू इंग्रजी होतील. पण एसएमएस आणि कोरियन सहकाऱ्याने मदत म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट कोरियनच असतो. आणि नेमक्या घाईच्या वेळी तेच वाचावं लागतं.

आता आजचं काम. जुना फोन चार्जिंगला लावा, वायफायवर घ्या. काकाओटॉकमध्ये 설정, म्हणजे सेटिंग, उघडा, तिथून 채팅, म्हणजे चॅट, आणि त्यात 대화 백업. 대화 म्हणजे संभाषण, 백업 म्हणजे बॅकअपच, मोठ्याने वाचून बघा. तिथं शेवटचा बॅकअप कधी घेतला त्याची तारीख दिसते. कोरियन तारीख वर्ष, महिना, दिवस अशी उलटी असते, 년 월 일. याच पानावर मुदतीचं वाक्य असतं, त्यात 14일 이내 हे शब्द शोधा. 이내 म्हणजे 'च्या आत'. जवळच 동일한 किंवा 같은 카카오계정 असतं, म्हणजे 'त्याच काकाओ खात्याने'. दोन्ही अटी एकत्र आहेत: १४ दिवसांच्या आत आणि त्याच खात्याने. आज २० तारखेला घेतलात, की मुदत पुढच्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंत जाते (महिना ३१ दिवसांचा धरून). पण तेवढं थांबू नका. बॅकअप घेतल्यानंतर जुन्या फोनवर आलेले मेसेज त्या बॅकअपमध्ये नसतात. बॅकअप झाला की लगेच, त्याच बैठकीत, नव्या फोनवर जायचं.

बॅकअप सुरू करताना 비밀번호 मागितला जाईल, म्हणजे पासवर्ड. हा नवा आहे, फक्त या बॅकअपसाठी तुम्ही आत्ता ठरवायचा. इथं हमखास घोटाळा होतो, कारण नव्या फोनवर दोन वेगवेगळे 비밀번호 मागितले जातात. आधी लॉगिनला काकाओ खात्याचा, मग गप्पा परत आणताना बॅकअपचा. लोक दुसऱ्या ठिकाणी पहिलाच टाकत बसतात आणि 일치하지 않습니다, म्हणजे 'जुळत नाही', हे वाचून घाबरतात. 비밀번호च्या मागे 카카오계정 आहे की 백업, ते बघायचं. बॅकअपचा पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवायची सोय नाही. जुना फोन शाबूत असेल तर पुन्हा नवा बॅकअप घेता येतो, जुना फोन गेला असेल तर तोही मार्ग बंद. म्हणून तो कागदावर लिहा, आणि कागद जुन्या फोनच्या कव्हरमध्ये घाला. बॅकअप संपल्यावर 완료 हा शब्द आला पाहिजे, म्हणजे 'पूर्ण'. पुन्हा त्या पानावर जाऊन आजची तारीख पडलीय का ते डोळ्यांनी बघा.

या बॅकअपमध्ये फक्त मजकूर जातो, फोटो आणि व्हिडिओ जात नाहीत. पानावर 사진 आणि 동영상 हे शब्द 제외च्या जवळ सापडतील. 제외 म्हणजे 'वगळून'. हे मी स्वतः भोगलंय. पुसानच्या माझ्या जुन्या बाई माझ्या भाषांतरांवर लाल पेनने दुरुस्त्या करून त्या पानांचे फोटो पाठवायच्या. फोन बदलला तेव्हा मी बॅकअप व्यवस्थित घेतला, मजकूर सगळा परत आला. 'तिसरी ओळ बघ', 'हा शब्द इथं उद्धट वाटतो', बाईंचं वाक्य न वाक्य होतं. पण ज्या पानावरची तिसरी ओळ बघायची, ते पान नव्हतं. फोटोच्या जागी धूसर चौकोन, आणि त्यावर बोट ठेवलं की 만료. 만료 म्हणजे मुदत संपली. सर्व्हरवरची प्रत कधीच गेलेली, आणि फोनमधली मी पुसून टाकलेली.

तुमच्या ड्रॉइंगच्या फोटोंचं असं होऊ देऊ नका. ज्या ग्रुपमध्ये कामाचे फोटो आहेत तिथं जा, वर कोपऱ्यातल्या मेनूत 채팅방 서랍 आहे. 서랍 म्हणजे ड्रॉवर, खण. त्या खणात त्या ग्रुपचे फोटो, फाइल, लिंक वेगवेगळ्या लावलेल्या असतात. निवडा आणि फोनच्या गॅलरीत उतरवून घ्या, मग केबलने लॅपटॉपवर. सगळे ग्रुप करायची गरज नाही, कामाचे तीन-चार पुरेत. पैसे भरून फोटोंसकट सगळं साठवणारी कंपनीची क्लाउड सेवाही आहे, पण फोन एकदाच बदलणाऱ्याला हाताने उतरवणं जास्त सोपं पडतं.

आणि कोणता पार्ट कधी पाठवला याच्या नोंदी तुम्हाला पुढे दाखवाव्या लागतील असं वाटत असेल, तर बॅकअपवर अवलंबून राहू नका. ग्रुपच्या सेटिंगमध्ये 내보내기 शोधा, म्हणजे 'बाहेर पाठवणं'. त्याने त्या ग्रुपची साधी टेक्स्ट फाइल बनते, तारीख-वेळेसकट, आणि ती ईमेलने स्वतःलाच पाठवता येते. ही फाइल पुन्हा अ‍ॅपमध्ये भरता येत नाही, फक्त वाचायला आणि शोधायला असते. पण तिला १४ दिवसांची मुदत नाही, आणि पासवर्ड विसरायची भीती नाही. माझ्या मते कामाच्या ग्रुपसाठी हीच खरी नोंद.

मग नवा फोन. आधी जुना फोन एअरप्लेन मोडवर टाका. जोवर त्याला नेट मिळत नाही, तोवर खातं दुसरीकडे गेल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि नव्यावर सगळं नीट आलंय हे पडताळेपर्यंत जुन्यावरच्या गप्पा डोळ्यांसमोर राहतात. ही तात्पुरती ढाल आहे, तिच्या भरवशावर बॅकअप टाळायचा नाही. त्यानंतर नव्या फोनवरच्या त्या खिडक्या बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.

पहिल्याच पानावर एक फाटा आहे. 로그인 म्हणजे असलेल्या खात्यात जाणं. 가입 म्हणजे नव्याने सभासद होणं. तुम्ही भारतीय नंबर टाकताय, आणि त्या नंबरचं काकाओटॉकवर खातं नाही, त्यामुळे 가입चा रस्ता समोर येतो आणि तो अगदी सरळ वाटतो. त्या रस्त्याने गेलात तर एक कोरं खातं उघडेल: मित्र नाहीत, ग्रुप नाहीत, आणि बॅकअपचा उल्लेखही नाही, कारण तो 동일한 카카오계정ला, म्हणजे जुन्या खात्याला बांधलेला आहे. मित्रांची यादी रिकामी दिसली तर गप्पा उडाल्या म्हणून हबकू नका, चुकीच्या दाराने आत आलात एवढंच. उल्सानला असताना काकाओ खात्याला जो ईमेल जोडला होता त्यानेच लॉगिन करा. भारतीय नंबर त्यानंतरच्या पायरीला येतो, 인증 म्हणून, म्हणजे पडताळणी. तिथं नव्या सिमवर आलेला 인증번호, पडताळणीचा आकडा, टाकायचा.

आता तीच तिसरी खिडकी पुन्हा येईल. शेवट पुन्हा तसाच, 됩니다. पण या वेळी आजचा बॅकअप गाठीशी आहे, तेव्हा 확인 दाबा.

त्यानंतर गप्पा परत आणायच्या का असा प्रश्न येईल, त्यात 복원 हा शब्द आणि बॅकअपची तारीख असेल. तारीख आजची आहे ना, ते बघा. 복원 असलेलं बटण दाबा आणि कागदावरचा पासवर्ड टाका. शेजारी लहान अक्षरात 건너뛰기 किंवा 나중에 असू शकतं, म्हणजे 'वगळा' किंवा 'नंतर'. या 'नंतर'वर विश्वास ठेवू नका. गप्पा परत आणायची संधी लॉगिनच्या वेळीच मिळते. ती हुकली तर अ‍ॅप काढून, पुन्हा टाकून, पुन्हा लॉगिन करावं लागतं, तेही १४ दिवसांच्या आत, आणि मधल्या काळात नव्या फोनवर आलेले मेसेज त्यात जातात. मी ज्यांच्यासोबत बसून फोन बदलले, त्यात सगळ्यात जास्त चुकामूक इथंच झाली. चहा आला, फोन वाजला, आणि 나중에 दाबलं गेलं. अँड्रॉइडवरून आयफोनवर जात असाल तरी हा मजकुराचा बॅकअप चालतो.

आता 'इंडियातून लॉगिन'चा इशारा. तो तुमच्याच प्रयत्नामुळे आला असणार, पण ते वाचून खात्री करायची. अशा इशाऱ्यात वाक्याचा शेवट भूतकाळी असतो, 로그인되었습니다 किंवा 로그인했습니다, म्हणजे झालेली गोष्ट कळवली जातेय. त्याखाली तपशील असतात. 일시 म्हणजे तारीख-वेळ, 기기 म्हणजे कुठल्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून, 국가 म्हणजे देश, आणि तिथं 인도 असेल तर भारत. 오전 म्हणजे दुपारी बाराच्या आधी, 오후 म्हणजे नंतर. वेळ जुळत नाही असं वाटलं, तर घाबरण्याआधी साडेतीन तास वजा करा. कोरियाचं घड्याळ आपल्यापुढे तेवढं चालतं, म्हणजे 오후 2:10 असेल तर चाकणला सकाळचे १०:४० झाले होते. गावाचं नाव मुंबई दिसलं तरी हरकत नाही, मोबाईल कंपनीच्या जाळ्याची नोंद जिथली असते ते नाव येतं. फोनचं मॉडेल मात्र तुमचंच हवं. मॉडेल, देश आणि वजाबाकी करून आलेली वेळ, तिन्ही जुळली की इशारा तुमचाच.

त्याच इशाऱ्यात पुढे 본인이 아닌 경우 किंवा 본인이 아니라면 असतं, म्हणजे 'ही व्यक्ती तुम्ही नसाल तर'. त्यापुढचं सगळं फक्त त्या परिस्थितीसाठी आहे: पासवर्ड बदला, 비밀번호 변경. हे 아닌 न वाचल्यामुळे लोक स्वतःच्याच लॉगिनवर पासवर्ड बदलून बसतात, आणि मग खात्यात शिरताना नव्याने गोंधळ होतो. तपशील जुळत नसतील तर पासवर्ड बदलायचाच, पण मेसेजमधल्या लिंकवरून नाही. स्वतः अ‍ॅप उघडून, सेटिंगमधल्या 카카오계정 पानावर जाऊन. अशा इशाऱ्याचं सोंग घेऊन फसवणारे भरपूर आहेत. आकडा कळवणाऱ्या एसएमएसमध्ये 타인 आणि 알려주지 마세요 असे शब्द दिसतात, 'दुसऱ्याला सांगू नका'. 지 마세요 हा शेवट म्हणजे मनाई. तो आकडा 'मदत करतो' म्हणणाऱ्या कोणालाही द्यायचा नाही, तुमच्या जुन्या ग्रुपलीडरच्या नावाने विचारलं तरी.

कंपनीच्या कॉम्प्युटरवर काकाओटॉक उघडत असाल तर तिथंही दोन पर्याय येतात, 내 PC 인증받기 आणि 1회용 인증받기. 내 म्हणजे 'माझा', 1회용 म्हणजे 'एकदाच वापरायचं'. लाईनवर सगळ्यांच्या हाताखालचा कॉम्प्युटर असेल तर नेहमी दुसरा.

आता सिम. ते महिनाअखेरीला बंद होण्याआधी खात्याच्या पानावर भारतीय नंबर दिसतोय याची खात्री करा. 전화번호 म्हणजे फोन नंबर, 변경 म्हणजे बदल. बंद झालेला कोरियन नंबर पुढे दुसऱ्या कोणाला मिळतो. तो माणूस त्या नंबरवर काकाओटॉक सुरू करेल, आणि तुमचं खातं अजून त्याच नंबरला चिकटलेलं असेल तर तुमचा धागा तुटतो. सिम चालू असेपर्यंत हे पाच मिनिटांचं काम आहे.

नंबर भारतीय झाल्यावर एक गोष्ट तुमच्या फोनवर दिसणार नाही, पण समोरच्याच्या फोनवर दिसेल. ज्या कोरियन माणसाने तुम्हाला मित्रयादीत घेतलेलं नाही, त्याला तुम्ही पहिला मेसेज पाठवलात की तुमच्या चित्राच्या जागी नारिंगी पृथ्वीगोल दिसतो, आणि सोबत परदेशी नंबर असल्याचा इशारा. कोरियात 'आई, माझा फोन फुटला, या नंबरवर पैसे पाठव' अशा फसवणुकीने बरीच घरं पोळलीत, त्यासाठी केलेली ही सोय आहे. उल्सानचे तुमचे जुने सहकारी मित्रयादीत आहेत, त्यांना काही वेगळं दिसणार नाही. पण नव्या खरेदी-अधिकाऱ्याने तुमचा मेसेज उघडलाच नाही, तर राग मानू नका. ग्रुपमधल्या जुन्या माणसाला सांगा, आधी त्यांना माझी ओळख करून दे, 친구 추가, म्हणजे मित्र म्हणून जोडायला सांग.

शेवटी जुना फोन. नव्यावर ग्रुप उघडून दोन वर्षांपूर्वीचा एखादा मेसेज शोधून बघा, तो सापडला की काम झालं. मग एअरप्लेन मोड काढा, जुना फोन आपणहून लॉगआउट होईल. आपण होऊन तिथं काही 'साफ' करायला जाऊ नका, आणि 탈퇴 या शब्दाला हात लावू नका. 로그아웃 म्हणजे या फोनवरून बाहेर पडणं, 탈퇴 म्हणजे खातंच मोडणं. खातं एकच आहे, त्यामुळे जुन्या फोनवर मोडलंत तरी ते नव्यावरूनही जातं. फोन विकायचा किंवा भावाला द्यायचा असेल, तर नव्यावर सगळं आल्याची खात्री झाल्यावर फॅक्टरी रिसेट करा, अ‍ॅपच्या आत काही करायची गरज नाही.

आज संध्याकाळी बॅकअप घेतलात आणि त्या पानावरची तारीख किंवा पुढची एखादी खिडकी अडली, तर तिचा फोटो दुसऱ्या फोनने काढून इथं टाका. 확인 दाबण्याआधी टाका, मी रात्री दहानंतर बघते.